क्लाउड पुरवठादाराला पत्र: ‘पुरावा आढळलेला नाही’ या वाक्यावर नेमके काय विचारावे?

भोसरी_पेरोल (शनिवार, २८ मार्च, सकाळी)

आमची कंपनी भोसरी आणि चाकण परिसरातील लहान व मध्यम कारखान्यांची पगारपत्रके तयार करून देते. रोज रात्री डेटाबेसचा बॅकअप एका परदेशी क्लाउड पुरवठादाराच्या स्टोरेजवर जातो. पुरवठादाराचे नाव मी येथे मुद्दाम देत नाही. काल, म्हणजे शुक्रवारी, त्यांच्याकडून ईमेल आला की ९ ते १९ मार्च या काळात त्यांच्या सपोर्टच्या तिकीट प्रणालीत अनधिकृत व्यक्तीने प्रवेश मिळवला होता, मर्यादित संख्येतील ग्राहकांच्या तिकिटांवर त्याचा परिणाम झालेला असू शकतो, आणि ‘आपल्या साठवलेल्या माहितीपर्यंत कोणी पोहोचल्याचा पुरावा या क्षणी आढळलेला नाही’.

काळजीचे कारण असे की फेब्रुवारीअखेर बॅकअप परत आणताना अडचण आली, तेव्हा आम्ही त्यांच्याकडे तिकीट उघडले होते. त्यांच्या अभियंत्याने मागितली म्हणून आम्ही निदानाची एक झिप फाइल २७ फेब्रुवारीला जोडली. त्या फाइलमध्ये आमची कॉन्फिग फाइल आणि तिच्यात स्टोरेजची ॲक्सेस की होती. तिकीट ६ मार्चला बंद झाले, पण जोडलेली फाइल तिथेच राहिली. बॅकअपमध्ये कामगारांची नावे, पॅन, बँक खाते क्रमांक, यूएएन आणि पगार आहे.

ती की आम्ही काल संध्याकाळीच निष्क्रिय करून नवी घेतली आहे, त्यामुळे प्रश्न तो नाही. प्रश्न पत्राचा आहे. आमच्या भागीदारांना आधी मराठी मसुदा नक्की करायचा आहे, मग वकील त्याचे इंग्रजी करतील. माझा पहिला मसुदा असा आहे:

> आपल्याकडील सुरक्षाभंगाची संपूर्ण माहिती, मूळ कारणाचा अहवाल, आपल्या तपाससंस्थेचा अहवाल व सर्व लॉग २४ तासांत द्यावेत. आमची माहिती पूर्णपणे सुरक्षित असल्याचे लेखी प्रमाणपत्र द्यावे. अन्यथा आम्हांला कायदेशीर कारवाई करणे भाग पडेल.

यात काय बदलावे, हे कृपया सांगावे. पत्र सोमवारी सकाळी जायला हवे.

केशव_ठाणे

मसुद्यात कायद्याचा उल्लेखच नाही, ही मोठी उणीव आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार पुरवठादाराने आपल्याला ७२ तासांत सर्व तपशील देणे बंधनकारक आहे आणि न दिल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. हे वाक्य पहिल्याच परिच्छेदात ठळकपणे असावे. दंडाचा आकडा वाचल्याशिवाय परदेशी कंपन्या हलत नाहीत.

नाशिककर_सीए

मागच्या वर्षी आमच्या कार्यालयाचा टॅलीचा डेटा भाड्याच्या सर्व्हरवर होता आणि एका सकाळी सगळ्या फाइलींची नावे बदललेली दिसली. खंडणीची चिठ्ठीही होती. आम्ही पत्रव्यवहारात वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन केला आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवली. आपणही आधी तेच करावे, असे माझे मत आहे. शिवाय बॅकअप एन्क्रिप्टेड असेल तर चोराच्या हाती काय लागणार? तसे असेल तर एवढ्या काळजीचे कारण मला दिसत नाही.

भोसरी_पेरोल

नाशिककर, आपला अनुभव वाईट होता, पण आमच्याकडे फाइली जागेवर आहेत आणि खंडणीची मागणी नाही. कोणी काही वाचून नेले का, एवढेच आम्हांला कळत नाही. एन्क्रिप्शन पुरवठादाराच्या बाजूचे आहे, म्हणजे वैध की घेऊन कोणी फाइल मागितली तर स्टोरेज ती उलगडूनच देते. ज्याच्या हाती की लागली, त्याला ते एन्क्रिप्शन आडवे येत नाही.

उत्तररात्र

मी अशा घटनांच्या तपासाचे काम अनेक वर्षे करतो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्या मसुद्याला जे उत्तर येईल ते मी आजच सांगू शकतो. ‘तपास सुरू आहे, या क्षणी पुरावा आढळलेला नाही, अधिक माहिती मिळताच कळवू.’ आपण ‘संपूर्ण माहिती’ मागता तेव्हा समोरच्याला काहीही न देण्याची सोय होते, कारण संपूर्ण माहिती त्यांच्याकडेही नसते आणि तपाससंस्थेचा अहवाल त्यांचे वकील बाहेर जाऊ देत नाहीत. प्रमाणपत्राची मागणीही व्यर्थ आहे. मिळाले तरी त्याला आधार काय, हे आपल्याला कळणार नाही.

सगळा भर ‘पुरावा आढळलेला नाही’ या एका वाक्यावर द्यावा. या वाक्याखाली तीन अगदी वेगळ्या परिस्थिती दडलेल्या असू शकतात. नोंदी होत्या, त्या पूर्ण तपासल्या आणि काही सापडले नाही, ही पहिली. नोंदी होत्या, पण त्यांचा काही भागच तपासला, किंवा चुकीच्या ठिकाणी पाहिले, ही दुसरी. आणि वाचन झाले असते तरी ते टिपणारी नोंदच चालू नव्हती, ही तिसरी. तिन्हींमध्ये ते वाक्य शब्दशः खरे ठरते, पण आपल्यासाठी त्यांचा अर्थ सारखा नाही.

दुसऱ्या परिस्थितीचे उदाहरण आपल्या प्रकरणाशी फार जुळते. २०२३ मध्ये ओक्टा या ओळख-व्यवस्थापन करणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट प्रणालीत २८ सप्टेंबर ते १७ ऑक्टोबर या काळात घुसखोरी झाली होती. ग्राहकांनी तिकिटांना जोडलेल्या एचएआर फाइलींमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या व्यवहाराच्या नोंदींत, पासवर्डशिवाय आत जाऊ देणारे चालू सेशनचे टोकन होते आणि हल्लेखोराला तेच हवे होते. वनपासवर्ड आणि बियाँडट्रस्ट या ग्राहकांनी सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच संशय कळवला होता. तरीही ओक्टाला दोन आठवडे त्यांच्या नोंदींमध्ये संशयास्पद डाउनलोड दिसले नाहीत. नंतर त्यांनी दिलेले कारण असे की तिकीट उघडून त्यातली फाइल पाहिली तर एका प्रकारची नोंद होते, आणि त्याच प्रणालीतल्या ‘फाइल्स’ या टॅबमधून थेट फाइल उघडली तर अगदी वेगळ्या प्रकारची. तपास पहिल्या प्रकारच्या नोंदींचा झाला, हल्लेखोर दुसऱ्या वाटेने गेला होता. कोंडी फुटली ती १३ ऑक्टोबरला, बियाँडट्रस्टने एक संशयास्पद आयपी पत्ता दिल्यावर.

ओक्टाने आधी १३४ ग्राहक बाधित असल्याचे सांगितले होते आणि नोव्हेंबरअखेर मात्र सपोर्ट प्रणालीच्या सर्व वापरकर्त्यांची नावे व ईमेल असलेला अहवालही उतरवून नेल्याचे जाहीर केले. म्हणून पत्रात दोन गोष्टी याव्यात. ‘नाही’ हे उत्तर कोणत्या नोंदींच्या आधारे आहे, हे विचारावे, आणि निष्कर्ष बदलला तर आम्हांला स्वतःहून कळवावे, हेही मागावे.

आता एक प्रश्न मला आहे. आपल्या बाजूला स्टोरेजच्या वाचनाची नोंद चालू होती का? बहुतेक सेवांमध्ये फाइल वाचल्याची नोंद आपोआप होत नाही, ती ग्राहकाने चालू करावी लागते.

पलीकडचा_टेबल

मी एका पुरवठादाराकडे अशा पत्रांची उत्तरे तयार करणाऱ्या गटात आहे. आपल्या पुरवठादाराशी माझा संबंध नाही. पलीकडे काय होते ते सांगतो.

घटना जाहीर झाल्यावर पहिल्या आठवड्यात पत्रांचा ढीग पडतो. ज्या पत्रात खाते क्रमांक, तिकीट क्रमांक, स्टोरेजचे नाव आणि नेमका काळ असतो ते सुरक्षा गटाकडे जाते, कारण त्यावर शोध घेता येतो. ज्यात फक्त मागण्या आणि इशारे असतात ते विधी विभागाकडे जाते आणि तिथून ठरावीक मजकूर परत येतो. यात कोणाचा वाईट हेतू नसतो, पण ज्या प्रश्नाचे उत्तर एका शोधाने मिळत नाही तो मागे पडतो हे खरे आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हे पत्र तिकीट म्हणून टाकू नका. घुसखोरी त्याच प्रणालीत झालेली आहे आणि आपल्या पत्रात आपण काय ओळखले आहे, हे सगळे असणार आहे. करारात सूचना पाठवण्यासाठी एक स्वतंत्र पत्ता दिलेला असतो. पत्र तिकडे पाठवावे आणि प्रत त्यांच्या सुरक्षा गटाच्या जाहीर ईमेलवर द्यावी.

भोसरी_पेरोल

वाचनाची नोंद गेल्या वर्षी एका ग्राहकाच्या ऑडिटमुळे चालू केली होती, ती आज कामाला आली. झिप फाइल जोडल्याच्या दिवसापासूनच्या सर्व ओळी पाहिल्या. सगळ्या आमच्या दोन सर्व्हरच्या पत्त्यांवरून आहेत, एक सोडून. पत्ता बदलून ती ओळ देते:

```
2026-03-11T21:47:09Z GetObject payroll-bkp/2026-02/dump.sql.gz
key=****7QXA ip=203.0.113.45 status=206 bytes=65536
```

११ मार्चला रात्री आमच्याकडे कोणी काम करत नव्हते. हा पत्ता आमचा नाही. माझी झोप उडाली आहे.

उत्तररात्र

घाबरण्याआधी ही ओळ नीट वाचू या, कारण तिच्यात बरेच काही आहे.

वेळेच्या शेवटी झेड आहे, म्हणजे ती यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत आहे. भारतीय वेळेत साडेपाच तास मिळवले की ती १२ मार्चची पहाटेची ३ वाजून १७ मिनिटे होते. पत्रात दोन्ही वेळा लिहाव्यात, नाहीतर पुरवठादार ११ तारीख शोधेल आणि आपले सहकारी १२. पुरवठादाराने सांगितलेला ‘९ ते १९ मार्च’ हा काळ कोणत्या वेळेनुसार आहे, हेही विचारून घ्यावे.

की तीच आहे, जी तिकिटात होती. तिकीट ६ तारखेला बंद झाले होते. या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणून ही ओळ गंभीर आहे.

स्थिती २०६ आहे, २०० नाही. म्हणजे पूर्ण फाइल मागितली गेली नाही, तिचा एक तुकडा मागितला गेला, आणि तो ६५,५३६ बाइट म्हणजे ६४ किलोबाइटचा होता. फाइल ठीक आहे का हे पाहण्यासाठी सपोर्टचा माणूस असे करू शकतो. आत काय आहे याचा अंदाज घेणारा चोरही असेच करतो. हा तुकडा सुरुवातीचाच होता असे या ओळीवरून खात्रीने म्हणता येत नाही, पण बहुधा तो सुरुवातीचा असतो, आणि तसा असेल तर जीझिप फाइलचा पुढचा भाग नसतानाही तेवढा उलगडता येतो. त्यात काय होते ते आपण स्वतः पाहू शकता:

```
head -c 65536 dump.sql.gz | gunzip -c 2>/dev/null | less
```

आणखी एक काम लगेच करावे. आपल्या नोंदी किती दिवस राहतात?

भोसरी_पेरोल

तीस दिवस. म्हणजे २७ फेब्रुवारीच्या नोंदी उद्या आपोआप पुसल्या जाणार होत्या. सगळ्यांची प्रत आत्ता वेगळ्या खात्यात काढली आणि मूळ ठिकाणची पुसण्याची आज्ञा थांबवली.

आपण दिलेली आज्ञा चालवून पाहिली. डंपमध्ये टेबले इंग्रजी वर्णक्रमाने येतात, त्यामुळे सुरुवातीला टेबलांची रचना आणि मग हजेरीचे टेबल आहे. ६४ किलोबाइट हजेरीतच संपतात. त्यात कामगाराचा आमचा अंतर्गत क्रमांक आणि येण्या-जाण्याच्या वेळा आहेत. नाव, पॅन किंवा बँक खाते त्या तुकड्यात नाही.

नाशिककर_सीए

म्हणजे सुटलात की! मग पत्राची गरजच काय राहिली?

उत्तररात्र

नाही, नाशिककर. दिसलेल्या एका ओळीत काय होते, एवढेच आपल्याला कळले आहे. अशा नोंदी पोहोचवण्याची हमी अनेक सेवा देत नाहीत. काही ओळी उशिरा येतात, काही येतही नाहीत. पुरवठादाराकडे स्वतःच्या अंतर्गत नोंदी असतात आणि त्या आपल्याला दिसत नाहीत. त्याच पत्त्यावरून दुसरी विनंती झाली का, हे तेच सांगू शकतात. पत्रातला सर्वांत मोलाचा प्रश्न आता हाच आहे. आणि ही ओळ पत्रात जशीच्या तशी द्यावी. ओक्टाच्या वेळी ग्राहकाने दिलेल्या पत्त्यामुळे तपास पुढे सरकला, तसे इथेही होऊ शकते.

नोंदी मुळात असण्यावर किती अवलंबून असते, याचे दुसरे उदाहरण २०२३ मधलेच आहे. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधील अमेरिकी सरकारी ईमेल वाचले जात असल्याचे प्रथम अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या लक्षात आले, कारण ईमेल उघडल्याची सविस्तर नोंद त्यांच्याकडे होती. ती नोंद महागड्या परवान्यासोबतच मिळत असे. ज्यांच्याकडे तो परवाना नव्हता, त्यांना स्वतःच्या खात्यात पाहून काहीच कळले नसते.

रेवती_फ्रँकफुर्ट

मी जर्मनीत डेटा संरक्षण अधिकारी म्हणून काम करते. भारतीय कायद्याचा अभ्यास कामापुरता आहे. केशवरावांच्या सूचनेत दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात.

भारताच्या २०२३ च्या अधिनियमात घटना कळवण्याचे कर्तव्य ज्याने माहिती गोळा करण्याचा हेतू ठरवला त्याच्यावर आहे. आपल्या बाबतीत ते कारखाने आहेत. आपली कंपनी त्यांच्यासाठी माहिती हाताळते आणि क्लाउड पुरवठादार आपल्यासाठी. ७२ तासांची मुदत कारखान्याने डेटा संरक्षण मंडळाला सविस्तर अहवाल देण्याची आहे, पुरवठादाराने आपल्याला पत्र लिहिण्याची नाही. शिवाय नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असले तरी या मुख्य कर्तव्यांना १८ महिन्यांची मुदत दिलेली आहे. आज त्या दंडाचा आकडा पत्रात लिहिला तर पुरवठादाराचे वकील पहिल्या वाक्यालाच उत्तर देतील आणि बाकीचे प्रश्न बाजूला राहतील.

आपला खरा आधार करार आहे. बहुतेक मोठे पुरवठादार युरोपीय नियमांनुसार तयार केलेले डेटा प्रक्रियेचे परिशिष्ट जगभरच्या ग्राहकांना देतात. त्यात विनाविलंब कळवणे आणि ग्राहकाला त्याची कर्तव्ये पार पाडण्यासाठी साहाय्य करणे, अशी कलमे असतात. आपल्या करारात ते कलम आहे का ते पाहावे आणि त्याचाच क्रमांक द्यावा.

केशव_ठाणे

मुदतीबाबत माझी गल्लत झाली, हे मान्य आहे. परंतु कायदाच वगळावा, हे मला पटत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आज लागू आहेत आणि त्यांत घटना लक्षात आल्यापासून किंवा लक्षात आणून दिल्यापासून ६ तासांत कळवायचे आहे. ते सहा तास कालच्या ईमेलपासून सुरू झाले, की आज सकाळी ती ओळ दिसल्यापासून? याचे उत्तर कोणी देईल का?

उत्तररात्र

आपला मुद्दा अगदी रास्त आहे आणि याचे निर्विवाद उत्तर माझ्याकडे नाही. ‘लक्षात आणून दिल्यापासून’ हे शब्द पाहता कालचा ईमेलही त्यात बसतो, असे म्हणता येईल. ‘झालेले असू शकते’ ही घटना नव्हे, असा युक्तिवादही मी ऐकला आहे. त्यावर वाद घालत बसण्यापेक्षा आज, आत्ता, हाती आहे तेवढ्या माहितीवर incident@cert-in.org.in वर कळवावे. पहिल्या कळवण्यात सगळे तपशील असावेत अशी अपेक्षा नसते, उरलेले नंतर देता येतात. आणि पत्रात हे कळवल्याचे एक वाक्य असावे. धमकी म्हणून नव्हे, तर आपल्याला उत्तर का हवे आहे हे समजावे म्हणून.

भोसरी_पेरोल (रविवार, २९ मार्च)

सर्ट-इनला काल दुपारी कळवले. करारातले परिशिष्ट सापडले, त्यात साहाय्याचे कलम आहे. सगळ्यांच्या सूचना घेऊन नवा मसुदा देते. खाते, तिकीट आणि कलमाचे क्रमांक येथे गाळले आहेत.

> विषय: ९ ते १९ मार्च २०२६ या काळातील सुरक्षाघटनेचा आमच्या खात्यापुरता तपशील मिळणे आणि नोंदी जतन करणे याबाबत
>
> महोदय,
>
> आपला २७ मार्च २०२६ चा ईमेल मिळाला. आपल्या सपोर्ट प्रणालीतील आमच्या तिकिटास २७ फेब्रुवारी रोजी आपल्या अभियंत्याच्या विनंतीवरून एक झिप फाइल जोडलेली होती आणि तिच्यात, शेवटची अक्षरे 7QXA असलेली, आमची स्टोरेज ॲक्सेस की होती. ही की आम्ही २७ मार्च रोजी निष्क्रिय केली आहे. आमच्या नोंदींत ११ मार्च २०२६ रोजी २१:४७:०९ यूटीसी, म्हणजे भारतीय वेळेनुसार १२ मार्च रोजी पहाटे ३:१७:०९ वाजता, याच कीच्या साहाय्याने आमच्या ताब्यात नसलेल्या आयपी पत्त्यावरून बॅकअप फाइलचा ६५,५३६ बाइटचा भाग वाचल्याचे दिसते. ती ओळ सोबत जोडली आहे.
>
> करारातील साहाय्याच्या कलमानुसार आम्ही पुढील माहिती मागत आहोत. पहिली बाब तिकिटाची आहे. नमूद काळात हे तिकीट किंवा त्यास जोडलेली फाइल आपल्या प्रणालीतील कोणत्याही मार्गाने उघडली, पाहिली अथवा उतरवून घेतली गेली का, आणि तसे झाले असल्यास केव्हा, हे कळवावे. केवळ तिकीट उघडल्याच्या नोंदी पाहून उत्तर देऊ नये, ही विनंती.
>
> दुसरी बाब स्टोरेजची आहे. २७ फेब्रुवारी ते २७ मार्च या काळात वरील कीचा, तसेच वरील आयपी पत्त्यावरून आमच्या खात्यात झालेला प्रत्येक वापर, फाइलींची यादी पाहण्यासह, आपल्या अंतर्गत नोंदींवरून द्यावा. हा पत्ता आपल्या माहितीतील आहे का, तेही सांगावे.
>
> तिसरी बाब आपल्या निष्कर्षाच्या आधाराची आहे. ‘पुरावा आढळलेला नाही’ असे आपण म्हणता, तेव्हा कोणत्या प्रकारच्या नोंदी, कोणत्या तारखांपर्यंत तपासल्या, आणि एखाद्या काळाच्या नोंदी उपलब्ध नसल्यास तो काळ कोणता, हे स्पष्ट करावे. ‘माहीत नाही’ किंवा ‘नोंद नाही’ हे उत्तर आम्हांला चालेल, ते लेखी असावे.
>
> या सर्व नोंदी आपल्या नेहमीच्या वेळापत्रकानुसार पुसल्या जाऊ नयेत, यासाठी त्या आजपासून जतन कराव्यात आणि तसे केल्याचे कळवावे. या घटनेची माहिती आम्ही सर्ट-इनला दिली आहे, आणि ज्या संस्थांची माहिती आम्ही हाताळतो त्यांना उत्तर देण्याची जबाबदारी आमच्यावर आहे. म्हणून जेवढे ज्ञात आहे तेवढे गुरुवार, २ एप्रिलपर्यंत द्यावे, उरलेले नंतर पाठवावे, आणि निष्कर्ष बदलल्यास तो स्वतःहून कळवावा. गोपनीयतेचा करार आवश्यक वाटल्यास आम्ही त्यास तयार आहोत. उत्तर याच ईमेल पत्त्यावर द्यावे, सपोर्ट प्रणालीत देऊ नये.
>
> या पत्रामुळे आमच्या कोणत्याही हक्काचा त्याग होत नाही.

पलीकडचा_टेबल

हे पत्र माझ्या टेबलावर आले असते तर त्याच दिवशी पुढे गेले असते. नोंदी जतन करण्याची विनंती शेवटाकडे आहे, ती मात्र पहिल्या परिच्छेदानंतर घ्यावी. बाकी उत्तरांना आठवडा लागला तरी जतन करण्याचे काम वाचणारा माणूस लगेच करू शकतो, आणि काही प्रणालींमध्ये नोंदी एक-दोन महिन्यांतच जातात.

नाशिककर_सीए

नुकसानभरपाईचा उल्लेख कुठेच दिसत नाही. आमच्या वेळी तो न केल्याचा मला आजही पश्चात्ताप आहे.

रेवती_फ्रँकफुर्ट

शेवटच्या वाक्याने तो हक्क राखला आहे, नाशिककर. भरपाईचे पत्र वेगळे आणि नंतरचे. दोन्ही एकत्र केली की तांत्रिक उत्तरही वकिलांच्या तपासणीशिवाय निघत नाही. मला काळजी वेगळी आहे. फेब्रुवारीच्या त्या बॅकअप फाइलमध्ये ज्या कारखान्यांची माहिती आहे, त्यांना कळवले का?

केशव_ठाणे

पुरवठादाराचे उत्तर येईपर्यंत कळवू नये, असे मला वाटते. अर्धवट माहितीने कामगारांमध्ये घबराट होईल आणि कंत्राटेही जातील.

रेवती_फ्रँकफुर्ट

घबराट कामगारांना कळवल्यावर होईल, आपण कारखान्याच्या व्यवस्थापनाला कळवतो आहोत. कामगारांना केव्हा आणि काय सांगायचे, हे ठरवण्याचा अधिकार व्यवस्थापनाचा आहे. आपण गप्प राहिलो तर तो त्यांच्याकडून काढून घेतल्यासारखे होते.

भोसरी_पेरोल (शुक्रवार, ३ एप्रिल)

उत्तर काल रात्री आले. जतन करण्याचा परिच्छेद वर घेतला होता, त्याला सोमवारीच होकार आला होता. तिकिटाबाबत ते म्हणतात की जोडलेली फाइल १० मार्चला पाहिली गेली. हा घुसखोरीच्या काळातला दिवस आहे. स्टोरेजबाबत त्यांच्या अंतर्गत नोंदींतही तीच एक विनंती आहे, मात्र फाइलींची यादी पाहण्याच्या विनंत्या ते १४ दिवसच ठेवतात, त्यामुळे १६ मार्चपूर्वीचे त्यांना सांगता येत नाही. आणि तो आयपी पत्ता त्यांच्याच सपोर्ट कर्मचाऱ्यांच्या नेटवर्कचा आहे, म्हणून ‘ही कृती नेहमीच्या साहाय्याचा भाग असण्याची शक्यता आहे’.

भागीदारांना यामुळे हायसे वाटले. मला वाटले नाही. कारखान्यांना मात्र आम्ही मंगळवारीच प्राथमिक माहिती दिली. एका व्यवस्थापकांनी रागाने फोन केला, पण कळवल्याबद्दल आभारही मानले.

उत्तररात्र

आपली शंका योग्य आहे. पत्ता त्यांच्या नेटवर्कचा आहे, याचा अर्थ कृती त्यांच्या माणसाने केली असा होत नाही. घुसखोर सपोर्ट कर्मचाऱ्याच्या खात्यातून किंवा लॅपटॉपवरून वावरत असेल, तर त्याचाही पत्ता तोच दिसेल. तिकीट ६ तारखेला बंद झाले असताना १० ला फाइल पाहणे आणि ११ ला की वापरणे, याला नेहमीचे काम म्हणायचे असेल तर त्यामागे कोणाची तरी कामाची नोंद असायला हवी.

दुसरे पत्र फार छोटे असावे. ११ मार्चची विनंती कोणत्या कर्मचाऱ्याच्या सेशनमधून झाली, नाव नको, अंतर्गत क्रमांक चालेल. ते खाते घुसखोरीत वापरल्या गेलेल्या खात्यांपैकी आहे का? आणि त्या कर्मचाऱ्याला विचारले असता त्याने ही कृती आपली असल्याचे सांगितले का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी त्यांना कोणतीही नोंद शोधावी लागत नाही, एका माणसाशी बोलावे लागते.

पलीकडचा_टेबल

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांचे वकील अडवतील, अशी तयारी ठेवा. तिसऱ्याचे येईल असे मला वाटते. यादी पाहण्याच्या नोंदी मात्र गेल्या त्या गेल्या. १६ मार्चपूर्वी कोणी फाइलींची यादी पाहिली का, हे आपल्याकडच्या नोंदीत नसेल तर कुठेच मिळणार नाही.

भोसरी_पेरोल

आमच्या नोंदीत यादीच्या विनंत्याही येतात, आणि त्या पत्त्यावरून तशी एकही नाही. मग फाइलचे अचूक नाव त्याला कळले कसे, हे पाहिले. निदानाच्या झिपमधल्या त्रुटीच्या संदेशात ते पूर्ण नाव आहे. हेही दुसऱ्या पत्रात लिहिते आहे. पत्र आज संध्याकाळी जाईल.